पदवी प्रमाणपत्राचं भाषांतर: नाव, श्रेणी आणि शिक्का जसाच्या तसा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस नुकता लागलेला असताना, कुडाळजवळच्या एका गावातून एक गृहस्थ आले. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी आणि त्यात मुलीचं पदवी प्रमाणपत्र नि शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक. दोन्ही मराठीत. मुलीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला जायचं होतं आणि तिकडून पत्र आलं होतं की कागद इंग्रजीत हवेत. "चारच ओळी तर आसत, वाईच इंग्रजीत करून दिया," असं त्यांचं म्हणणं.

ओळी खरंच फार नव्हत्या, तरी काम तीन दिवस चाललं. ते कसं केलं ते इथे क्रमाने सांगतो. पहिल्यांदाच असा कागद हाती घेणाऱ्याला, मग तो भाषांतर करणारा असो की करून घेणारा विद्यार्थी, त्याचा उपयोग व्हावा. मुलीचं नाव बदलून आपण तिला मानसी राऊळ म्हणू. आडनाव मात्र मुद्दाम राऊळ घेतलं आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी विचारा, मग लिहा

पहिला प्रश्न असा की भाषांतर लागतंय का. पुष्कळ विद्यापीठांची गुणपत्रकं मुळातच इंग्रजीत असतात, आणि प्रमाणपत्रावर मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर असतात. कागदाची दुसरी बाजू उलटून न बघताच भाषांतराला धावणारे मी पाहिले आहेत. इंग्रजी मजकूर छापलेला असेल आणि तिकडे इंग्रजी चालत असेल, तर तिथेच थांबा. नसेल, तर आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला विचारा की ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्रित उतारा, किंवा इंग्रजी प्रत मिळते का. विद्यापीठाने स्वतः दिलेला इंग्रजी कागद कुठल्याही भाषांतरापेक्षा वजनदार असतो. मानसीला ट्रान्सक्रिप्ट मिळणार होतं, पण प्रवेशाच्या मुदतीनंतर, म्हणून भाषांतराचा मार्ग धरला.

दुसरा प्रश्न तिकडच्या प्रवेश विभागाला: भाषांतर कोणी केलेलं चालतं? याचं उत्तर देशागणिक बदलतं. जर्मनीत न्यायालयाने शपथ दिलेले भाषांतरकार असतात आणि भाषांतर लागलंच तर बहुधा अशाच माणसाचं मागतात. इंग्रजी कागद मात्र तिथे बहुतेक ठिकाणी तसेच चालतात. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला अर्जदाराने स्वतः किंवा त्याच्या घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी नियम सुटसुटीत आहे. कागद इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसेल तर पूर्ण भाषांतर जोडायचं, आणि त्यावर चार गोष्टी हव्यात: हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे असं विधान, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव आणि सही, आणि त्याचा संपर्क. त्यांना गरज वाटली तर ते उलट चौकशी करू शकतात, म्हणून संपर्क.

आपल्याकडे मात्र एक गैरसमज घट्ट बसला आहे. नोटरीचा शिक्का मारला की भाषांतर 'अधिकृत' होतं, असं लोक धरून चालतात. नोटरी तुमची ओळख आणि सही पाहतो. 'उच्च द्वितीय श्रेणी'चं इंग्रजी बरोबर केलंत का, हे तो बघत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. तिकडून नोटरी मागितली असेल तर जरूर करा. ओरोसला, सावंतवाडीला, रत्नागिरीला कोर्टाच्या आवारात ते काम होतं. पण त्या शिक्क्याच्या भरवशावर भाषांतर ढिलं ठेवू नका.

कागद हातात आल्यावर

मानसीचं प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं होतं. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदाला बुरशी धरते, म्हणून आईवडील प्रेमाने लॅमिनेशन करून आणतात. नेमकं तेच नंतर नडतं. उठावाचा शिक्का त्या उष्णतेने आणि दाबाने चपटा होतो, स्कॅनवर चकाकी येते, आणि पुढे अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकारकडून होणारं प्रमाणीकरण, करायची वेळ आली तर प्लास्टिकवर ती होत नाही, विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी लागते. लॅमिनेशन घरी सोलायच्या भानगडीत पडू नका. शाई प्लास्टिकबरोबर निघून येते. ज्यांचा कागद अजून मोकळा आहे त्यांनी तो पारदर्शक फोल्डरमध्ये घालून डब्यात ठेवावा, इतकंच पुरतं.

अपोस्टीलबद्दल एवढंच सांगतो की ती लागणार असेल तर आधी ती करून घ्या आणि मग भाषांतर करा. भारत २००५ पासून हेग अपोस्टील करारात आहे. शैक्षणिक कागदावर आधी राज्याकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून शिक्के बसतात. भाषांतर आधी केलं तर मूळ कागदावर नंतर बसलेले हे शिक्के भाषांतरात नसतात आणि दोन कागद जुळत नाहीत. मानसीला अपोस्टील मागितली नव्हती, तेव्हा ती मुंबईची एक फेरी वाचली.

कागद दोन्ही बाजूंनी ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. मागची बाजू कोरी असली तरीही. मोबाईलने काढलेला तिरका फोटो नको. त्यानंतर मूळ कागद खिडकीपाशी नेऊन टॉर्च अगदी आडवी धरा. समोरून न दिसणारा उठावाचा शिक्का सावलीमुळे उमटून येतो. शिसपेन्सिल घासून तो काढायची शाळेतली युक्ती मूळ कागदावर कधीही करू नका.

साचा आधी, मजकूर नंतर

भाषांतर वाचणारा तिकडचा माणूस मराठी वाचत नाही. तो एका हाताला स्कॅन आणि दुसऱ्या हाताला भाषांतर ठेवून जागा जुळवतो: वर मधोमध बोधचिन्ह, इथेही वर मधोमध, उजवीकडे खाली सही, इथेही तिथेच. म्हणून मी आधी रिकामा साचा आखतो. गुणपत्रकाच्या तक्त्यात जितके रकाने आणि जितक्या ओळी, तितकेच भाषांतरात. रिकामा रकाना रिकामाच, आणि मुळात आडवी रेघ असेल तर आडवी रेघ. दोन रकाने एकत्र करून 'नीटनेटकं' करण्याचा मोह होतो, तो टाळायचा.

माझी भर असेल ती सगळी चौकोनी कंसात. चौकोनी कंसाबाहेर जे आहे ते कागदावर आहे, आणि कंसात आहे ते माझं वर्णन किंवा टीप. हे पहिल्या पानाच्या माथ्यावर एका ओळीत सांगून टाकायचं.

नाव: इथेच सगळ्यात जास्त पाणी मुरतं

प्रमाणपत्रावर होतं: राऊळ मानसी सुरेश सुनीता. आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आपल्याला हा क्रम अंगवळणी पडलेला आहे. तिकडच्या माणसाला मात्र 'सुनीता' हेच आडनाव वाटतं, कारण ते शेवटी आहे.

आता राऊळ. हे आडनाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहितात ते सिंधुदुर्गात कुठल्याही शाळेचं हजेरीपुस्तक उघडून बघा. मानसीच्या पासपोर्टवर RAWOOL होतं. बारावीच्या गुणपत्रकावर, जे इंग्रजीतच असतं, तिथे RAUL होतं, आणि तिथे तिचं नावही MANSI असं एक अक्षर गाळून. मग भाषांतरात काय लिहायचं?

मी पाळतो तो नियम असा. मूळ कागद देवनागरीत असेल तर रोमन स्पेलिंग हा भाषांतरकाराचा निर्णय असतो, आणि तो निर्णय पासपोर्टकडे बघून घ्यायचा. 'राऊळ' या देवनागरी नावाशी RAWOOL सुसंगत आहे, तेव्हा त्यात काहीही खोटं नाही. पण मूळ कागदावरच रोमन अक्षरं छापलेली असतील तर ती जशी आहेत तशी, चुकीसकट. बारावीचं गुणपत्रक कुणी जर्मनमध्ये करायला दिलं तर तिथे RAUL MANSI हेच राहील. ते 'दुरुस्त' केलं की मूळ आणि भाषांतर यांत फरक पडतो, आणि कागदात फेरफार केल्याचा संशय विद्यार्थ्यावर येतो.

म्हणून मानसीच्या प्रमाणपत्राच्या भाषांतरात नावाची ओळ अशी आली:

```
RAWOOL MANASI SURESH SUNITA [1]
```

आणि पानाच्या तळाशी टीप क्रमांक एक: मूळ नाव देवनागरीत आहे, रोमन स्पेलिंग अर्जदाराच्या पासपोर्टनुसार घेतलं आहे, मूळ क्रम कायम ठेवला आहे, तो म्हणजे आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. बस्स. क्रम फिरवून MANASI SURESH RAWOOL असं सोयीचं करून द्यायचं नाही, आणि आईचं नाव पासपोर्टवरच्या नावात नाही म्हणून गाळायचंही नाही.

बारावीच्या स्पेलिंगचा घोळ भाषांतराने सुटत नाही. त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र किंवा खुद्द मंडळाकडून दुरुस्ती, हे वेगळे मार्ग आहेत. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडायची. प्रमाणपत्रावरचं माहेरचं नाव तसंच राहतं, तिथे सासरचं आडनाव लिहायचं नाही.

नावाआधीचे 'कु.', 'श्री.', 'श्रीमती' हेही सोडू नयेत. 'कु.' म्हणजे कुमारी हे बहुतेकदा खरं, पण मुलाच्या कागदावर तो कुमार असतो. आणि एक गंमत: मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी निकालपत्रकांत काही नावांच्या आधी एक तिरकी रेघ असते. ती छपाईची चूक समजून पुसणारे भेटतात. ती रेघ विद्यार्थिनीची खूण आहे. पत्रकाच्या तळटिपेत तसं लिहिलेलं असतं. अशा खुणा ठेवायच्या आणि तळटीपही भाषांतरात घ्यायची.

पदवीचं नाव आणि पदनामं

'कला स्नातक' म्हणजे बॅचलर ऑफ आर्ट्स, यात अडचण नाही. 'निष्णात' किंवा 'पारंगत' दिसलं तर ती मास्टरची पदवी. 'पदविका' म्हणजे डिप्लोमा, आणि 'पदवी' म्हणजे डिग्री. हा फरक सगळ्यांना ठाऊक असतो, तरी रात्री अकरा वाजता थकलेल्या डोळ्यांनी टाइप करताना 'पदव्युत्तर पदविका'ची पोस्ट ग्रॅज्युएट डिग्री होऊन जाते. माझ्याकडून एकदा झाली होती. विद्यार्थ्याच्याच लक्षात आली म्हणून निभावलं.

सही करणाऱ्यांच्या पदनामांत जास्त गफलत होते. कुलपती म्हणजे चान्सलर. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. कुलगुरू म्हणजे व्हाइस-चान्सलर. 'गुरू' शब्दाच्या वजनाने कुलगुरूंना चान्सलर करून टाकलं, तर कागदावर राज्यपालांची सही असल्याचा दावा होतो! कुलसचिव म्हणजे रजिस्ट्रार. आणि 'प्र.' या एका अक्षराकडे नीट बघा. 'प्र-कुलगुरू' हे स्वतंत्र पद आहे, प्रो-व्हाइस-चान्सलर. पण 'प्र. कुलसचिव' मधला 'प्र.' प्रभारी असतो, म्हणजे त्या पदाचा तात्पुरता कार्यभार पाहणारा. मानसीच्या कागदावर 'प्र. कुलसचिव' होतं, तेव्हा इंग्रजीत इन-चार्ज रजिस्ट्रार गेलं.

तारखाही तीन असतात: परीक्षा कधी झाली, पदवी कोणत्या दीक्षान्त समारंभात दिली आणि प्रमाणपत्र कधी दिलं. प्रत्येक तारखेला तिचं लेबल चिकटलेलं ठेवा. नाहीतर तिकडे प्रश्न येतो की परीक्षेनंतर दहा महिने ही मुलगी काय करत होती. देवनागरी आकडे रोमनमध्ये घेताना महिना अक्षरात लिहा. ३/४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, आणि अमेरिकेत चार मार्च.

श्रेणी: इथे दयाळूपणा नको

मानसीच्या प्रमाणपत्रावर 'उच्च द्वितीय श्रेणी' होतं. वडिलांनी आधी कुणाकडून तरी कच्चं भाषांतर करून आणलं होतं, त्यात लिहिलं होतं 'अप्पर सेकंड क्लास'. ऐकायला बरोबर वाटतं. उच्च म्हणजे अप्पर, द्वितीय म्हणजे सेकंड. पण कागद चालला होता इंग्लंडला, आणि तिथे अप्पर सेकंड क्लास ऑनर्स हे त्यांच्या पदव्यांमधलं एक ठरलेलं नाव आहे, ज्याला ते 'टू-वन' म्हणतात, आणि अनेक अभ्यासक्रमांची प्रवेशाची अटच ती असते. आपली उच्च द्वितीय श्रेणी आपल्या टक्क्यांवर ठरते, त्यांच्या मोजपट्टीवर नाही. तो शब्द वापरला की भाषांतरकाराने तिला परस्पर त्यांची श्रेणी बहाल केली असं होतं. प्रवेश विभागातल्या जाणत्या माणसाला गुणपत्रक बघताक्षणी ते कळतं, आणि मग बाकी भाषांतरावरचाही विश्वास उडतो.

आपल्या विद्यापीठांच्या इंग्रजी कागदांवर याच श्रेणीला 'हायर सेकंड क्लास' म्हणतात. तोच शब्द लिहायचा. असंच 'प्रथम श्रेणी'चं: फर्स्ट क्लास, आणि पुढे 'ऑनर्स' हा शब्द मुळात नसेल तर जोडायचा नाही. 'विशेष प्रावीण्यासह प्रथम श्रेणी' म्हणजे फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. 'उत्तीर्ण' म्हणजे पास क्लास नव्हे, नुसतं पास, जोवर कागदावर 'उत्तीर्ण श्रेणी' लिहिलेलं नाही.

'श्रेणी' या शब्दाचीच एक अडचण आहे. जुन्या कागदांत तो 'क्लास'साठी येतो आणि श्रेयांक पद्धतीच्या नव्या कागदांत 'ग्रेड'साठी. श्रेयांक म्हणजे क्रेडिट, श्रेणी गुण म्हणजे ग्रेड पॉइंट. कोणता अर्थ घ्यायचा हे रकान्यात काय आहे त्यावरून ठरवा: तिथे ओ, ए, बी अशी अक्षरं असतील तर ग्रेड, आणि 'प्रथम', 'द्वितीय' असेल तर क्लास.

श्रेयांकाच्या गुणपत्रकात मागच्या बाजूची मोजपट्टी भाषांतरात घ्यायलाच हवी. मुंबई विद्यापीठात काही वर्षं सात गुणांची मोजपट्टी होती, नंतर दहाची आली. एखाद्याला सातांपैकी ६.२ मिळाले असतील आणि मागचं पान भाषांतरात नसेल, तर तिकडचा माणूस ते दहापैकी ६.२ समजतो, आणि चांगला विद्यार्थी बेताचा दिसतो. याच्या उलट, सातांतले गुण दहांत बदलून, टक्के काढून, जर्मन किंवा अमेरिकन मोजपट्टीत रूपांतर करून देणंही भाषांतरकाराचं काम नाही. तुलना करणारी माणसं तिकडे बसलेली आहेत. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे प्रवेश विभाग आणि युके एनिक नावाची संस्था ते करते. त्यांना कच्चा माल हवा असतो.

आकडे: एकाने वाचायचं, एकाने खूण करायची

मानसीच्या शेवटच्या वर्षाच्या सहा विषयांचे गुण, प्रत्येकी १०० पैकी, असे होते: ६१, ५४, ५७, ३८+२, ६६, ६९. एकूण ३४७, पैकी ६००. खाली श्रेणी: उच्च द्वितीय.

कच्च्या भाषांतरात चौथ्या विषयापुढे सरळ ४० लिहिलं होतं. बेरीज जुळत होती, म्हणून कुणाला खटकलं नाही. पण ३८+२ म्हणजे दोन गुण कृपेचे, ज्याला आपण ग्रेस म्हणतो. ४० लिहिलं की ती गोष्ट झाकली जाते. नुसतं ३८ लिहिलं असतं तर बेरीज ३४५ आली असती आणि छापलेल्या एकूण गुणांशी जुळली नसती. म्हणून रकान्यात ३८+२ जसंच्या तसं, आणि गुणपत्रकाच्या तळाशी या खुणेचा जो खुलासा छापला होता तोही भाषांतरात. खुलासा छापलेला नसता तर मी एवढीच टीप दिली असती: 'मुळात असेच छापलेले आहे'. ग्रेस हा शब्द माझ्या मनाने लिहिला नसता.

छापील बेरीजच चुकलेली असेल तर? तेही तसंच. छापलेला आकडा द्या आणि कंसात लिहा की मुळात असं आहे. दुरुस्ती विद्यापीठाने करायची.

तपासणीसाठी दुसरा माणूस लागतो. मी मूळ कागदावरून मोठ्याने आकडे वाचतो आणि माझी पुतणी भाषांतरावर पेन्सिलीने बरोबरची खूण करते; मग उलट, ती वाचते आणि मी बघतो. बैठक क्रमांक, प्रमाणपत्राचा अनुक्रमांक, नोंदणी क्रमांक एकेक अंक सुटा वाचायचा. एकट्याने तपासलं की डोळ्यांना अपेक्षित तेच दिसतं. जुन्या हस्तलिखित दाखल्यांत १ आणि ९, ५ आणि ६ फसवतात. शंका असेल तर तोच आकडा दुसऱ्या कागदावर शोधा, आणि कुठेच सापडला नाही तर 'अस्पष्ट' म्हणा.

शिक्के, सह्या आणि बोधचिन्ह

शिक्क्याचं चित्र कापून भाषांतरात चिकटवायचं नाही. तसं केलं तर विद्यापीठाने तुमच्या भाषांतरावर शिक्का मारल्याचा आभास होतो. शिक्क्याचं वर्णन करायचं: आकार, शाईचा रंग किंवा उठाव, कुठे आहे, कशावर आला आहे, त्यातलं काय वाचता येतं आणि काय नाही. मानसीच्या कागदावरचा एक शिक्का मी असा मांडला, अर्थात इंग्रजीत:

[गोल शिक्का, जांभळी शाई, डावीकडे खाली, प्र. कुलसचिवांच्या सहीवर अंशतः आलेला. कडेचा मजकूर: "... विद्यापीठ", उरलेला मजकूर अस्पष्ट.]

त्याच्या शेजारी दुसरी ओळ: [उठावाचा शिक्का, रंगहीन, लॅमिनेशनखाली, मजकूर वाचता येत नाही.] आणि सह्यांना: [सही, अवाचनीय], खाली छापलेलं पदनाम.

यात माझा एक जुना धडा आहे. सुरुवातीच्या काळात एका कागदावर पुसट सही होती, नाव छापलेलं नव्हतं. त्या काळी ते पद कोण सांभाळत होतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी सहीच्या जागी नाव लिहून दिलं. तिकडून विचारणा आली की हे नाव मूळ कागदावर कुठे आहे? नव्हतंच. ज्ञान खरं होतं, पण ते कागदावर नव्हतं. नवं भाषांतर आणि नवी नोटरी, दोन्ही माझ्या खिशातून.

शिक्क्यातला मजकूर अर्धा दिसत असेल आणि उरलेला कुणालाही ओळखता येण्याजोगा असेल, तरी अर्धाच लिहा. बोधचिन्हातलं सुभाषित संस्कृतात असतं. मुंबई विद्यापीठाचं 'शीलवृत्तफला विद्या' आहे. अशा ठिकाणी रोमन लिपीत उच्चार आणि पुढे साधा शब्दशः अर्थ पुरतो. होलोग्राम, क्यूआर कोड, बारकोड, जलचिन्ह यांची नुसती नोंद: काय आहे आणि कुठे आहे. क्यूआर कोड स्कॅन करून आत काय निघतं ते भाषांतरात लिहू नका, ते कागदावर छापलेलं नाही. मागची बाजू कोरी असेल तर [मागील बाजू कोरी] हेही लिहा. नाहीतर समोरचा विचारतो की मागचं पान कुठे आहे.

प्रत साक्षांकित केलेली असेल, म्हणजे झेरॉक्सवर 'खरी प्रत' असा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही असेल, तर तो शिक्काही वर्णनात येतो, पण वेगळ्या शीर्षकाखाली, कारण तो विद्यापीठाचा नाही. शक्य असेल तेव्हा मूळ कागदावरूनच भाषांतर करा आणि शेवटच्या विधानात तसं लिहा.

शेवटचं पान

भाषांतराच्या अखेरीला माझं विधान: मी अमुक, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा जाणतो, सोबत जोडलेल्या मूळ कागदाच्या स्कॅनचं हे पूर्ण आणि अचूक भाषांतर आहे. खाली तारीख, सही, पूर्ण नाव, पत्ता, फोन, ईमेल. प्रत्येक पानावर 'पान १, एकूण ४' असा क्रमांक आणि माझी छोटी सही. मूळ स्कॅन आणि भाषांतर एकाच पीडीएफमध्ये, आधी मूळ, मग भाषांतर. फाइलच्या नावात पासपोर्टवरचं आडनाव आणि कागदाचा प्रकार, म्हणजे दहा फाइलींत ती हरवत नाही.

वर्डची फाइल विद्यार्थ्याला द्यायची नाही. ती हातात गेली की कुणीतरी 'हायर'चं 'अप्पर' करतो, आणि सही मात्र माझी राहते.

मानसीचे कागद जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेले. तिकडून एकच प्रश्न आला, चौथ्या विषयापुढचं ३८+२ म्हणजे काय. तिने उत्तरात दुसऱ्या पानाच्या तळाचा खुलासा दाखवला, आणि त्यानंतर पुन्हा विचारणा आली नाही.